शेवटच्या वाक्यानंतरचं संगीत

क्षमाला कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत बघवत नाही. सिनेमाची शेवटची पाच मिनिटं राहिली की ती चपला चाचपायला लागते. लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत तिने पंगतीत जागा धरलेली असते. मोबाइलवर काहीही बघायचं तर दीडपट वेगाने, आणि मुद्दा कळला की बंद. 'नाव क्षमा ठेवलं आणि धीर द्यायचा राहूनच गेला' असं तिचे वडील नरसिंहराव, म्हणजे घरातले अण्णा, कोणासमोरही सांगतात. वर स्वतःच हसतात.

आणि बोलणं? बाई गं! चाळिशी उलटली तरी तिचं बोलणं काही जमिनीवर यायचं नाव घेत नाही. पण याला ती एकटी जबाबदार नव्हे, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कानडी मुलखातल्या शहरात, चामराजपेटेतल्या त्यांच्या घरात बोलायला श्वास घ्यायची सोयच नव्हती. अण्णा बोलके, मोठा भाऊ सुमंत त्याहून बोलका, आणि लग्न होऊन आलेली निवेदिता वहिनी तर माहेराहून तयारच होऊन आलेली. जेवणाच्या टेबलावर तुम्ही एखादं वाक्य सुरू केलं आणि मध्ये जरा थांबलात की गेलं तुमचं वाक्य. तिथे दुसरा कोणीतरी शिरलाच. धाकटी क्षमा लहानपणीच शिकली: सांगायचं असेल तर एका दमात सांगून मोकळं व्हायचं. पुढे लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि ती सवयही सुटली नाही.

तर ही क्षमा रोज मॅजेस्टिकला मेट्रो बदलून महादेवपुऱ्याला नोकरीला जाते. कंपनी आरोग्याविषयी छोटे व्हिडिओ बनवते, पाचसहा भाषांत: बाळाचा ताप, साखरेची गोळी, जुलाब झाल्यावर काय करायचं, असले. क्षमाचं काम आकडेमोडीचं. कोण किती बघतं, कुठे सोडतं, का सोडतं. पण तिच्या जिवाचं काम वेगळंच होतं. कंपनीने मराठी व्हिडिओ सुरू केले तेव्हा मराठी बोलणारी बाई हाताशी एकच, म्हणून आवाज तिचा घेतला. 'तात्पुरता' असं ठरलं आणि दोन वर्षं चाललं. महाराष्ट्रातल्या कुठल्याशा गावात कोणीतरी बाई आपला आवाज ऐकून बाळाला औषध देते, या विचाराने तिला इतकं भरून यायचं की पगार तिला आकडेमोडीचा मिळतो हेही ती विसरायची. घरी जिचं वाक्य पुरं होत नाही, तिचं इथे अख्खं पान ऐकलं जात होतं.

एके दिवशी व्हिडिओ विभागाची प्रमुख अनुषा तिच्या टेबलापाशी आली. अनुषा हैदराबादकडची, हुशार, आणि नेहमी दुसऱ्या मीटिंगला उशीर झालेली. म्हणाली, "लोक व्हिडिओ अर्धवट टाकतात ते आपल्याला नंतर कळतं. मला आधी कळायला हवं. नुसता आवाज ऐकून सांग, कुठे पळतील."

क्षमाला असं काम म्हणजे जत्राच. तिने जुने सगळे व्हिडिओ घेतले आणि त्यांचे दहादहा सेकंदांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात तीन गोष्टी मोजल्या. बोलणारा सेकंदाला किती अक्षरं उच्चारतो. तुकड्यातला किती भाग तो गप्प आहे. आणि मागचं संगीत किती मोठं आहे. संगीत वेगळं मोजायला अडचण नव्हती, कारण कंपनीचा संगीतवाला बोलणं एका फाइलीत आणि संगीत दुसऱ्या फाइलीत जपून ठेवायचा. दुसरीकडे व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपचा हिशेब होता. कोणी बघत असेल तोवर त्याच्या फोनकडून थोड्याथोड्या वेळाने खूण येत राहते. खूण थांबली की माणूस गेला. म्हणजे प्रश्न एवढाच: आत्तापर्यंत बघत बसलेल्यांपैकी किती जण पुढच्या दहा सेकंदांत उठून जातील? हा अंदाज संगणकाने, म्हणजे जुन्या आकड्यांवर शिकवलेल्या मॉडेलने, या तीन मापांवरून सांगायचा.

मॉडेलने सांगितलं. असं ठणकावून सांगितलं की क्षमाने खुर्चीतच उडी मारली. जिथे बोलणारा गप्प आणि संगीत मोठं, तिथून लोक धडाधड पळतात. जिथे बोलणं सलग, वेगात आणि संगीत दबलेलं, तिथे लोक बसून राहतात. अंदाज आणि प्रत्यक्ष इतके जुळत होते की दोन रेघा एकीवर एक बसल्या.

अनुषाने आलेख पाहिला आणि उभ्याउभ्याच निर्णय घेऊन टाकला. मधले थांबे कापायचे. मागचं संगीत बंद. "आणि सगळ्या भाषांतल्या आवाजांनी," ती क्षमाकडे बोट दाखवत म्हणाली, "हिच्यासारखं बोलायचं. हिच्या व्हिडिओत बघा, कुठे श्वासाला जागा नाही. क्षमा, तूच त्यांना शिकवशील."

आता बघा, जन्मभर जिला घरादाराने 'स्वल्प हळू बोल गं' म्हणून छळलं, तिला कोणीतरी भर मीटिंगमध्ये म्हणावं की जगाने हिच्यासारखं बोलावं! त्या संध्याकाळी क्षमा मेट्रोत नाचायचीच राहिली होती. घरी येऊन तिने बातमी सांगायला घेतली. 'शिकवणार आहे' इथवर आली तोच सुमंत गॅसच्या बुकिंगबद्दल बोलायला लागला. पण त्या दिवशी तिला राग आला नाही.

राग नाही आला, पण चैनही पडेना. कारण संगीत बंद म्हणजे संगीतवालाही बंद, आणि संगीतवाला होता रघुनंदन.

रघुनंदन हा क्षमासारखाच इथल्या जुन्या मराठी घरातला. कंपनीत मराठी बोलणारी ही दोघंच. शहरातलं भाडं झेपेना म्हणून बायकोमुलीला घेऊन आनेकलला राहायला गेलेला. तिथून बस, मग आणखी एक बस. कामावर पोचेपर्यंत निम्मा दिवस दमायचा, तरी सिंथेसायझरपुढे बसला की खुशीत. क्षमाला अक्का म्हणायचा. महिनाअखेरीस काम संपणार असल्याचं त्याला अनुषाने दोन मिनिटांत सांगितलं, आणि तो कॅन्टीनमध्ये क्षमाच्या समोर येऊन बसला.

"अक्का, खरंच लोक माझ्या संगीतामुळे पळतात?" त्याने विचारलं.

"आकडे तसं म्हणतात रे, रघू."

"सरी, ठीक." तो म्हणाला. रागावला नाही, रडला नाही. चमच्याने सांबार ढवळत बसला. "मुलीला सांगितलं होतं, अक्काच्या व्हिडिओमागे वाजतं ते बाबाचं. तिला ऐकूच येत नाही म्हणते. म्हटलं, नीट ऐक."

क्षमा 'बघते हं मी' असं काहीतरी पुटपुटून उठली. बघणार काय होती, डोंबल! पण तेव्हापासून तिच्या मनाला काहीतरी टोचायला लागलं ते गेलंच नाही. डेस्कवर बसवेना, उठून गॅलरीत गेलं तर तिथेही उभं राहवेना. आकडे चुकीचे नाहीत, तिने चारदा तपासले होते. मग टोचतंय काय?

ते कळलं मेट्रोत. परतीच्या गाडीत ती उभ्याने एका बाईचा व्हिडिओ बघत होती, तांदळाच्या पिठाच्या अक्की रोटीचा. दीडपट वेगाने, अर्थात. बाईंनी रोटी तव्यावरून काढली, 'करून बघा' म्हणाल्या, त्यांच्या चॅनेलचं चित्र आलं, टॅंटॅं संगीत सुरू झालं, आणि त्याच क्षणी क्षमाच्या अंगठ्याने व्हिडिओ बंद केला. बंद केला आणि ती आपल्या अंगठ्याकडेच बघत राहिली.

"मी संगीताला कंटाळून बंद केलं का?" ती मोठ्याने म्हणाली. शेजारची मुलगी दचकली. "छे! संपलं म्हणून बंद केलं!"

देवा रे. संपलं म्हणून! त्यांच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी कंपनीचं चिन्ह येतं, बोलणं थांबतं, आणि दबलेलं संगीत वर येतं. लोकांचं काम झालेलं असतं, ते जातात. जाणारच! दारात उभं राहून वाजंत्री कोण ऐकत बसतं? आणि क्षमाने त्या सगळ्या जाणाऱ्यांना 'अर्धवट टाकून गेले' यात धरलं होतं. व्हिडिओच्या अगदी शेवटच्या सेकंदाआधी गेला तो पळाला, अशी तिची व्याख्या. त्यातून 'नुसत्या आवाजावरून' सांगायचं म्हणून तुकडा सुरुवातीचा की शेवटचा, हेही तिने मॉडेलला कळू दिलं नव्हतं. बिचाऱ्या मॉडेलने काय करावं? गप्प माणूस आणि मोठं संगीत दिसलं की लोक जातात, एवढंच त्याला दिसलं. ते माणसं पळवणारं कारण नव्हतंच. तो घरी जायची वेळ झाल्याचा भोंगा होता.

आणि हे चाळीस वर्षं सगळीकडून आधी उठणाऱ्या बाईला सुचू नये! क्षमाला स्वतःचा इतका संताप आला की ती मॅजेस्टिकला उतरायचंच विसरली.

सकाळी ऑफिसात जाऊन तिने सगळं पुन्हा मांडलं. शेवटचं वाक्य जिथे संपतं तिथे व्हिडिओ संपला असं धरलं. पुढचं जाणं मोजायचंच नाही. सुरुवातीच्या तुकड्याची तुलना सुरुवातीच्याच तुकड्यांशी, चौथ्या मिनिटाची चौथ्या मिनिटाशी. आणि मॉडेलची परीक्षा त्याने कधी न ऐकलेल्या अख्ख्या व्हिडिओंवर; आधी एकाच व्हिडिओचे काही तुकडे शिकायला आणि काही परीक्षेला असा सावळा गोंधळ होता, म्हणजे पेपर आधीच फुटलेला.

आता अंदाज पहिल्यासारखे चमकदार राहिले नाहीत. दोन रेघा एकमेकींपासून चांगल्याच दूर झाल्या. पण जे उरलं ते खरं होतं. संगीत निर्दोष सुटलं. बोलणं झाकण्याइतकं मोठं झालं तर ते नडायचं, पण रघू तसं कधी करतच नव्हता. थांबेही सुटले, फार लांबले तर लोक जायचे, पण वाक्यानंतरचा छोटा थांबा कोणाला पळवत नव्हता. उलट लोक टिकायचे. मग पळवत होतं काय? सेकंदाला अक्षरं फार आणि मध्ये थांबा नाही, असे लागोपाठ तुकडे.

क्षमाने असे व्हिडिओ वेगळे काढले. यादी पडद्यावर आली. वरपासून खालपर्यंत एकच आवाज.

तिचा.

तिला आधी हसूच आलं. मग ती सबबी शोधायला लागली. तिने म्हटलं, मराठी बघणारी माणसंच वेगळी असतील, विषय वेगळे असतील, काहीतरी असेल. पण तीही आकडेमोडीतली बाई, स्वतःला इतक्या स्वस्तात सोडता येईना. तिला आठवलं, गेल्या डिसेंबरात तिचा घसा बसला होता. डॉक्टर म्हणाले होते, आवाज वापरायचाच असेल तर थांबून थांबून, पाणी पीत बोला. त्या आठवड्यात केलेले व्हिडिओ तिला स्वतःला ऐकवत नव्हते, इतके ते संथ आणि घोगरे. तेच मराठी, तेच प्रेक्षक, तीच बाई. त्यांचा आलेख तिने उघडला. लोक कितीतरी जास्त वेळ बसले होते. बसलेल्या घशाच्या बाईला ऐकत होते, आणि धडधाकट क्षमाला सोडून जात होते.

सगळ्यात वाईट दिसला तो जुलाबाचा व्हिडिओ. जलसंजीवनीची पावडर कशी कालवायची, किती पाण्यात ते पाकिटावरच वाचून घ्यायचं, उरलेलं दुसऱ्या दिवसाला ठेवायचं नाही, हे तिने चौथ्या मिनिटाला सांगितलं होतं. तिथवर पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त लोक निघून गेले होते. ज्या बाईला ती दोन वर्षं मनात धरून बोलत होती, ती बाई तिथे नव्हतीच. क्षमा स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आली, आणि पुन्हा एकदा जाऊन धुऊन आली.

आता खरं सांगायचं तर तिने गप्प बसायचा विचार केला. केला, का नाही करणार? कोणी तपासणार नव्हतं. जुना आलेख अनुषाने वरच्या साहेबांना दाखवलाही होता. गप्प बसलं तर आवाज राहतो, वर जगाला शिकवायचा मान. बोललं तर रघू राहतो आणि आवाज जातो. त्या दिवशी ती लिफ्टने खाली गेली, वर आली, चहा घेतला, न पिता टाकला, अनुषाच्या काचेच्या खोलीसमोरून उगाच तीनदा गेली. चौथ्यांदा अनुषानेच हाक मारली, "काय हवंय तुला?"

"माझं मॉडेल चुकलं," क्षमा म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"थांब, थांब!" अनुषा म्हणाली. "मला यातलं एक अक्षर कळलं नाही. हळू सांग."

क्षमाने हळू सांगितलं. आलेख दाखवला. अनुषाचा चेहरा उतरत गेला. "मी वर सांगून बसलेय, क्षमा," ती म्हणाली. "कळतंय का तुला? थांबे कापलेले दोन व्हिडिओ गेलेसुद्धा." मग तिने आलेख पुन्हा वरपासून पाहिला. "बरं. संगीत राहू दे. रघुनंदनला मी सांगते. पण मग पळवतोय तो वेगवान आवाज कोणाचा?"

"माझा."

अनुषा वाईट बाई नव्हे. तिने मान खाली घातली. "पुण्याची एक आवाज देणारी आहे," ती म्हणाली. "मी तिच्याशी बोलते. तुझं मुख्य काम तर आहेच ना इथे."

"एक संधी दे," क्षमा म्हणाली. "हे फक्त अंदाज आहेत. वेग जास्त तिथे लोक जातात एवढं दिसलं, वेगामुळेच जातात हे अजून सिद्ध नाही. जुलाबाचा व्हिडिओ मी पुन्हा बोलते, सावकाश. तोच मजकूर, तीच चित्रं. येईल त्या माणसाला चिठ्ठी टाकल्यासारखा जुना नाही तर नवा दाखवू, निम्मे निम्मे. नवा नाही टिकला तर मी स्वतः पुण्याला फोन करीन."

अनुषाने घड्याळाकडे पाहिलं. "एकच," ती म्हणाली.

एकच, आणि तोही होईना! रेकॉर्डिंगच्या खोलीत क्षमा माइकपुढे बसली, काचेपलीकडे रघू. तिने सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला गाडी सुटली. पुन्हा. पुन्हा सुटली. कागदावर तांबड्या रेघा मारून घेतल्या, 'थांब' असं लिहून घेतलं; तिथे पोचली की घशात कोणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं आणि पुढचं वाक्य बाहेर. "मला नाही जमत रे, रघू," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "थांबले ना, की वाटतं आता गेलं. आता दुसरं कोणीतरी बोलणार."

"इथं कोण बोलणार अक्का? मी तर काचेच्या मागं आहे." रघूने जरा विचार केला. "असं करू. आपलं संगीत कसं लावलेलं आहे माहितीय ना? तू बोललीस की ते आपोआप दबतं. तू थांबलीस की हळूहळू वर येतं. आज ते तुझ्या कानात सोडतो. वाक्य झालं की ते वर येईपर्यंत बोलायचं नाही. आलं की बोल."

त्याने हेडफोनमध्ये चाल सोडली. क्षमा पहिलं वाक्य बोलली. थांबली. घशात ढकलाढकल झाली, तिने टेबलाची कड घट्ट धरली. आणि मग कानात, लांबून कोणी चालत यावं तशी, बासरीची एक ओळ वर आली. किती साधी, किती गोड! दोन वर्षं ही चाल तिच्या आवाजाखाली वाजत होती आणि तिने ती कधी ऐकली नव्हती. कशी ऐकणार? तिने कधी तोंड मिटलं असतं तर ती वर आली असती. रघूच्या मुलीला ऐकू येत नव्हतं ते यामुळे. क्षमाच्या व्हिडिओत ही चाल फक्त शेवटी वर यायची, सगळे गेल्यावर.

"रघू," ती म्हणाली, "ही कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. बोल आता, अक्का. आलंय वर."

ती बोलली. थांबली. चाल आली. पुन्हा बोलली. कोणी मध्ये शिरलं नाही. कोणी गॅसचं बुकिंग काढलं नाही. वाक्य संपलं तरी जागा तिचीच होती, ती परत येईपर्यंत कोणीतरी सांभाळून ठेवत होतं. पावडरच्या त्या वाक्यापाशी तिचे डोळे इतके भरले की रघूला रेकॉर्डिंग थांबवावं लागलं.

पुढचे दिवस तिने कसे काढले विचारू नका. जरा वेळ मिळाला की आकडे उघडायची आणि बंद करायची; माणसं पुरेशी होईपर्यंत आकड्यांना अर्थ नाही हे तीच दुसऱ्यांना शिकवते, आणि तिलाच दम निघेना. शेवटी निकाल लागला. सुरुवातीला नव्या व्हिडिओतून थोडे जास्तच लोक गेले. क्षमासारखे, दुसरं काय! पण नंतर जुन्याची रेघ घसरत गेली आणि नव्याची तग धरून राहिली. पावडर कालवायच्या वाक्यापाशी नव्यात निम्म्याहून बरेच जास्त लोक होते. शंभर टक्के नव्हे, चमत्कार नव्हे. पण होते.

अनुषाने आलेख पाहिला आणि म्हणाली, "पुण्याचा फोन राहू दे. मात्र सगळे मराठी व्हिडिओ पुन्हा बोलायचे. सगळे." मग म्हणाली, "आणि रघुनंदनला सांग, ती बासरी छान आहे."

रविवारी सकाळी चामराजपेटेत नेहमीसारखी डोशाची पंगत बसली होती. वहिनी तव्यापाशी, अण्णा पेपरच्या आडून, सुमंत फोनवर हवामान वाचून दाखवत. क्षमा म्हणाली, "माझं नोकरीतलं एक मोठं काम परवा चुकलं होतं." आणि थांबली.

सुमंतने तोंड उघडलंच होतं. क्षमा काही बोलली नाही. त्याच्याकडे बघतही राहिली नाही. चटणीचं भांडं जवळ ओढलं आणि आपल्या कानातली बासरी वर येऊ दिली. टेबलावर अशी शांतता कधी पडली नव्हती, त्यामुळे सगळेच गोंधळले. सुमंतने तोंड मिटलं. वहिनीने डोसा उलटायचा हात तसाच धरला. अण्णांनी पेपर खाली केला, चष्मा कपाळावर चढवला आणि जन्मात पहिल्यांदा या मुलीकडे नीट बघितलं.

"पुढं?" अण्णा म्हणाले.